माडीवरून आलेला एक इंच

जिन्याच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्या कापून झाल्या होत्या. 17 फूट लांब, 12 इंच रुंद आणि 2 इंच जाड सागवानाच्या त्या फळ्या ओट्यावर शेजारी-शेजारी पडल्या होत्या. एकीच्या खाचा दुसरीच्या खाचांशी जुळवून बघत होतो. तेवढ्यात आबा चहा घेऊन आले आणि सहज बोलून गेले, "मिस्त्री, जिना झाला की माडीवरही नव्या फळ्या टाकून घेऊ. एक इंची. जुन्या फळ्यांच्या फटींतून माती गळते."

मी चहा खाली ठेवला.

काम अमळनेर तालुक्यातल्या एका गावात होतं. जुनं धाब्याचं घर, समोरच्या बाजूला माडी आणि माडीवर जाणारा एकच लाकडी जिना. आखाजीला लेकी माहेरी येणार, त्याआधी नवा जिना हवा असं आबांचं म्हणणं होतं. जुना जिना काही मोडला नव्हता, पण सगळ्यांना तो नको होता. पहिल्या दिवशी आबांच्या आईने, आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणत होतो, मला हाताला धरून जिन्याशी नेलं आणि दुसऱ्या पायरीवर बोट ठेवलं. "आठेच पाय अडकस माना," त्या म्हणाल्या.

टेप लावून बघितला. पायऱ्यांची उंची साडेसात इंच, वरपासून खालपर्यंत. फक्त सगळ्यात खालची पावणेसहा. जिना बांधला तेव्हा खाली शेणाची जमीन होती. पुढे कधीतरी शहाबादी फरशी बसली आणि खालच्या मसाल्यासह तिने पावणेदोन इंच खाल्ले. चढणाऱ्याचा पाय पहिल्या पायरीवरून उंची शिकतो आणि दुसरीलाही तेवढाच उचलला जातो. तिथे पायरी पावणेदोन इंच जास्त उंच, म्हणून अंगठा ठेचतो. उतरताना उलटं होतं. जमीन अपेक्षेच्या आधीच टाचेला लागते आणि गुडघ्यात हिसका बसतो. जिना करणाऱ्या सुताराची त्यात काही चूक नव्हती. त्याच्या मागून जमीन वर आली होती.

हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. तरीसुद्धा माडीवर पुढे काय टाकणार हे मी विचारलं नव्हतं. खालच्या फरशीचं विचारलं, ती कायम राहणार हे पक्कं करून घेतलं. वरचं राहून गेलं.

उंची घेताना मात्र घाई केली नव्हती. माडीच्या तोंडाखाली टेप सोडला तर 109 इंच आणि 6 सूत भरत होते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण जिना तिथे उभा राहत नाही, त्याचा पाय साडेबारा फूट पुढे, दाराच्या बाजूला येणार होता आणि फरशीला दाराकडे उतार होता. पाण्याची नळी लावून माडीची पातळी तिकडच्या भिंतीवर घेतली आणि तिथून खाली मोजलं. बरोबर 111 इंच निघाले. जागेवरच टेप सोडून काम केलं असतं तर हा दहा सुतांचा फरक सगळा पहिल्या पायरीत गेला असता.

111 ला 16 ने भागलं की 6 इंच आणि साडेसात सूत. एका पायरीची उंची म्हणजे एक चढ. 16 चढ, 15 पायऱ्या, कारण सोळावा चढ थेट माडीवर जातो. पाय ठेवायची जागा 10 इंच. दोन चढ आणि एक रुंदी मिळून 24 इंचांच्या आसपास आलं की जिना पायाला बरा पडतो. इथे ते पावणेचोवीसच्या थोडं वर येत होतं.

खाचा आखताना आमच्याकडे बरेच जण गुण्या सरकवत वरवर जातात. गुण्याच्या एका हातावर चढ, दुसऱ्यावर रुंदी, पेन्सिल मारायची आणि पुढे सरकायचं. दर वेळी अर्धा सूत चुकला तर सोळाव्या चढाला पूर्ण इंच झालेला असतो आणि कुठल्याही एका खाचेत तो दिसत नाही. म्हणून मी आधी एका सरळ रिपेवर पूर्ण 111 इंचांचे 16 भाग पाडतो आणि प्रत्येक खाच त्या रिपेशी ताडून बघतो. खाचेच्या कोपऱ्यात यंत्राची करवत थांबवून शेवटचा तुकडा हातकरवतीने कापतो. पातं कोपऱ्याच्या पुढे गेलं तर चीर तिथूनच धावते. खाच फळीत साडेपाच इंचांपेक्षा जरा जास्त आत जाते, मागे सव्वासहा इंच लाकूड उरतं. सगळा भार त्या उरलेल्या लाकडावरच असतो.

एक गोष्ट भाच्याला पटायला वेळ लागला. फळीच्या तळातून मी दीड इंच कापून काढला. तो म्हणाला, "मामा, मग पहिली पायरी बुटकी होईल ना?" मी पायरीच्या लाकडाचा दीड इंची तुकडा पहिल्या खाचेवर ठेवला आणि टेप त्याच्याच हातात दिला. खाच सगळीकडे सारखी असली तरी प्रत्येक खाचेवर दीड इंच चढतो. पायरी ते पायरी अंतर त्याने बदलत नाही. पण जमिनीवर दीड इंच चढत नाही, म्हणून पहिला चढ 8 इंच साडेतीन सूत झाला असता आणि माडीवर जाणारा शेवटचा 5 इंच साडेतीन सूत. तळ दीड इंच कमी केला की दोन्ही टोकं जागेवर येतात.

एवढं सगळं करून बसलो असताना आबांचा एक इंच आला.

आबांच्या दृष्टीने तो काही मोठा प्रश्न नव्हता. "शेवटची पायरी जराशी उंच होईल, होऊ द्या," ते म्हणाले. मी त्यांना जुन्या जिन्याची पायरी आणि आजीचा अंगठा दाखवला. ते गप्प झाले. भाच्याने सुचवलं, फळ्यांच्या पायाखाली एक इंची लाकूड टाकू. मग शेवटची बरोबर आणि पहिली 7 इंच साडेसात सूत. अर्धा इंच खाली, अर्धा वर असं वाटलं तरी दोन पायऱ्या बाकीच्यांपेक्षा चार-चार सूत उंच. सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी पायरी यांच्यात मी एक सुतापेक्षा जास्त फरक ठेवत नाही. नव्या फळ्या आणायच्या तर एवढ्या लांबीचा, बिनगाठीचा साग मिळेपर्यंत आखाजी होऊन गेली असती. आणि आबांचे पैसे, ते वेगळेच.

जेवायला बसलो. कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. भाकर तोडता तोडता हिशोब डोक्यात फिरत होता. 112 ला 16 ने भागलं की नेमके 7 इंच. म्हणजे प्रत्येक चढाला फक्त अर्धा सूत कमी पडत होता. तो अर्धा सूत एकेका खाचेत भरता येत नाही, पण सगळी फळीच जरा जास्त उभी केली तर? खालचं टोक अर्धा सूत आणि वरचं टोक एक इंच उचललं तर मधल्या प्रत्येक खाचेला तिच्या नंबराप्रमाणे वाटा मिळतो. पहिलीला अर्धा सूत, दुसरीला एक, तिसरीला दीड, असं वर चढत चढत आठ सुतांपर्यंत.

भाकर संपवून उठलो. माडीच्या तुळईला फळ्यांची डोकी टेकायला आडवी पट्टी ठोकली होती, ती काढून एक इंच वर बसवली. फळ्यांच्या पायाखाली सागाच्या पाचरी घातल्या, पुढे अर्धा सूत आणि मागे सव्वा सूत जाडीच्या, कारण फळी उभी होताना तिचा तळही तिरका होतो. फळ्या उभ्या केल्या आणि लक्षात आलं की वर तुळईपासून पाच सुतांची फट पडली आहे. उभी केलेली शिडी भिंतीकडे सरकवावी लागते, तसंच हे. पाय पाच सूत तुळईच्या बाजूला ढकलला, फट मिटली.

एक काम अजून होतं. फळी कलली म्हणजे खाचांची बैठकही कलली, 10 इंचांत अर्धा सूत, मागची बाजू वर. पायाला ते कळलं नसतं, पण पाणसळ सांगत होती. फळ्या पुन्हा खाली घेतल्या आणि तीसही बैठकांच्या मागच्या बाजूचा अर्धा सूत पटाशीने आणि छोट्या रंध्याने उतरवला. पुढच्या कडेला हात लावला नाही, कारण पायरीची उंची तीच कडा ठरवते. सगळी संध्याकाळ त्यात गेली. भाच्याने नव्या रिपेवर 112 इंचांचे 16 भाग पाडले आणि अंधार पडेपर्यंत एकेक कडा तिच्याशी लावून बघितली. दोन ठिकाणी पाव सुताचा फरक निघाला, तो तसाच राहू दिला.

पायऱ्यांमधल्या उभ्या फळ्या अजून कापल्या नव्हत्या, हे नशीब. त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या जागेत बसतात, म्हणून त्यांची उंची चढातून दीड इंच वजा करून येते. आता ती साडेपाच इंच झाली. आधी त्या बसवल्या, मग पायऱ्या, आणि पायरीच्या मागच्या कडेत उभ्या फळीमागून स्क्रू घेतले, म्हणजे पुढे कुरकुर होत नाही.

हे सगळं एका इंचाला जमलं. आबांनी तीन इंच सांगितले असते तर बैठका दीड सूत कलल्या असत्या, तेवढं मागून काढायचं तर फळीही तेवढी कमजोर होते. तेव्हा मी नव्या फळ्याच मागितल्या असत्या.

माडीवरच्या फळ्या आखाजीच्या दोन दिवस आधी पडल्या. सात इंचाचा एक तुकडा कापून मी खिशात ठेवला होता. शेवटच्या पायरीवर तो उभा केला आणि नव्या फळीच्या कडेवर बोट फिरवलं. लाकूड लाकडाला लागून होतं.

आजींना वर न्यायला त्यांची नात पुढे आली. आजींनी पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि त्यांचा अंगठा तिथेच ठेचला. जुनी पहिली पायरी पावणेसहाची होती आणि त्यांचा पाय इतकी वर्षं तेवढाच उचलला जात होता. त्या क्षणभर थांबल्या, माझ्याकडे बघितलं, मग पाय जरा जास्त उचलून चढल्या. दुसरीला, तिसरीला त्या थांबल्या नाहीत. माडीवर पोचेपर्यंत त्यांनी नातीचा हात सोडलेला होता.