दक्षिणेच्या हट्टापायी घालवलेले तीन आठवडे

पुण्यात आमच्या गच्चीवर सहा सौर पॅनेल बसली, प्रत्येकी 540 वॉटची. अर्ज, नेट मीटर सगळं बिनबोभाट झालं. अडलं ते माझ्यामुळे, आणि थोडं व्हेंडरमुळे.

आमचं घर दिशेला सरळ नाही. दक्षिणेकडचा कठडा पश्चिमेकडे साधारण 35 अंश वळलेला. व्हेंडर म्हणाला, "साहेब, कठड्याला समांतर लावू, 12 अंश कल पुरे. काही फरक पडत नाही." काही म्हणजे किती, ते सांगेना. कागदावर मात्र वर्षाला साडेचार हजार युनिटं लिहिलेली.

मग मी रात्री PVGIS उघडलं, सौर पॅनेल किती वीज देतील याचा अंदाज सांगणारी वेबसाइट. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून Slope, म्हणजे कल, 20 टाकला. दक्षिण म्हणजे होकायंत्रावर 180, म्हणून Azimuth, म्हणजे पॅनेलच्या तोंडाची दिशा, 180. उत्तर आलं चार हजारांच्याही खाली! अगदी नेमक्या दक्षिणेला ही गत, तर याच्या वाकड्या मांडणीला काय मिळणार? हा माणूस फसवतोय अशी खात्रीच पटली आणि मी काम थांबवलं. फोनवर आवाजही चढला. तीन आठवडे तसेच गेले.

खरं तर चूक समोर दिसत होती. कल 10 वरून 20 केला की आकडा घसरत होता. आपल्याकडे दक्षिणेच्या पॅनेलचा तो थोडा वाढायला हवा. शेवटी भाच्याने पाहिलं आणि हसला, "मामा, यात दक्षिण म्हणजे 0. पश्चिम 90, पूर्व उणे 90. तू पॅनेल उत्तरेला लावलीस." व्हेंडर PVWatts हे तसंच दुसरं साधन वापरायचा, तिथे दक्षिण 180च असते. एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं नाही!

आकडे दुरुस्त केल्यावर नेमकी दक्षिण व 20 अंश, आणि व्हेंडरची मांडणी, यांतला फरक वर्षाला शंभर युनिटांच्या आत निघाला. कारण साधं आहे: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि पावसाळी ढगांतला उजेड चहूकडून येतो. दक्षिणेचा फायदा मुख्यतः हिवाळ्यातला. उलट रांगा नेमक्या दक्षिणेला वळवल्या असत्या तर आमच्या गच्चीवर पाचच पॅनेल मावली असती, म्हणजे सहावा हिस्सा तिथेच गेला असता.

कल 10 अंशांखाली मात्र नेऊ देऊ नका. पावसाने धूळ नीट वाहून जात नाही, खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते. आणि हो, फोनचं होकायंत्र लोखंडी जिन्याजवळ धरू नका. माझं तिथे वीसेक अंशांनी चुकलं होतं.

तीन आठवडे गेले ते ऐन मार्चमधले. रोजची चौदा युनिटं धरली तरी तीनशेच्या आसपास.