भिशीची वही आणि एक बरोबरची खूण

आमच्या मानेवाड्याच्या गल्लीतली भिशी साधीच आहे. बाराजणी, महिन्याला 2000 रुपये, एप्रिल ते मार्च. 5 तारखेला 24,000 जमतात आणि जिचा नंबर त्या महिन्यात, ती घेऊन जाते. बोली नाही, व्याज नाही, नंबर एप्रिलमध्येच चिठ्ठ्या टाकून ठरलेले. यात हिशोब तो काय असणार, असं मलाही वाटायचं. जुलैनंतर वही माझ्याकडे आली, कारण ती सांभाळणाऱ्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

वहीत दर महिन्याला एक पान, पानावर बारा नावं, आणि पैसे आले की नावापुढे बरोबरची खूण. बस. त्या खुणेवर माझा अजूनही राग आहे.

तान्हा पोळा होऊन दोनचार दिवस झाले असतील. डोळ्याला काळा चष्मा लावून काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "माझे दोन हजार कधी देऊन राहिली गं?" मला काही कळेचना. मग त्यांनी सांगितलं. जुलैत गल्लीच्या टोकाच्या वहिनी पुण्याला लेकीकडे होत्या. भिशी अडू नये म्हणून काकूंनी स्वतःचे 2000 टाकले, वहिनींच्या नावापुढे खूण केली आणि मग दवाखान्याच्या गडबडीत मला सांगायच्या राहिल्या.

मी वही उघडली. जुलैत वहिनींपुढे खूण, ऑगस्टमध्ये खूण, सप्टेंबरमध्येही खूण. तिन्ही महिन्यांच्या भिशीचे पूर्ण 24,000 दिलेले. हातात शिल्लक शून्य. वहीप्रमाणे कोणाचं कोणाकडे काहीच नाही, आणि काकू मात्र समोर उभ्या.

वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अवं ताई, जुलैचे तर मी ऑगस्टच्या 3 तारखेला फोनपेवर टाकले ना तुमच्याकडे. आणि ऑगस्टचे दारात रोख दिले." बोलणं खरं वाटत होतं. पण ते खरं असेल तर ऑगस्टमध्ये माझ्याकडे 2000 जास्त यायला हवे होते. मग ते गेले कुठे? दोन दिवस गल्लीत माझ्याकडे बघण्याची नजर बदलली होती, किंवा मला तसं वाटत तरी होतं. घरात महालक्ष्म्यांची तयारी सुरू होती, आणि मी पुरण वाटता वाटता मनात आकडे जुळवत होते.

शेवटी ऑगस्ट महिना उलटा बांधत गेले. फोनच्या स्टेटमेंटवर 2000 च्या सात नोंदी होत्या, म्हणजे 14,000. जिची भिशी होती तिचे स्वतःचे 2000 मी घेतलेच नव्हते, कापून तिला 22,000 दिले होते. रोख किती आली ते कुठेच लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट मिळाली: 5 ऑगस्टला मी एटीएममधून बरोबर 14,000 काढले होते. 22,000 द्यायचे आणि 14,000 काढले, याचा अर्थ हातात रोख 8,000 होते, म्हणजे चारजणींचे. पाच जणींनी रोख दिली असती तर मला 12,000 च काढावे लागले असते. चौघी कोण ते घरोघरी जाऊन विचारलं. चौघीही सापडल्या, आणि त्यांत वहिनी नव्हत्या.

म्हणजे दारातली रोख ऑगस्टमध्ये आलीच नव्हती. मग आली कधी? वहिनींनाच आठवलं: तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, 4 सप्टेंबरला. मी ती सप्टेंबरची धरली होती, त्या ऑगस्टची धरून बसल्या होत्या. त्याआधीचे 3 ऑगस्टचे फोनपेही तसेच: त्यांच्या मनात जुलैचे, माझ्या वहीत ऑगस्टचे. खोटं कोणीच बोलत नव्हतं. वहिनी एक महिना मागे होत्या आणि काकूंचे 2000 जुलैतून ऑगस्टमध्ये, ऑगस्टमधून सप्टेंबरमध्ये सरकत भोक बुजवत होते. म्हणून कुठल्याच महिन्यात खड्डा दिसला नाही. थकलेला हप्ता सप्टेंबरचा होता, आणि तो यायचा होता थेट काकूंकडे. हे उमगायला तीन आठवडे गेले.

आता नवी वही. मागच्या पानांवर बारा नावांचा आणि बारा महिन्यांचा तक्ता आहे, पण घरात खूण नाही, पैसे आल्याची तारीख लिहिते. जुलैच्या घरात "3/8" दिसलं की मागे कोण आहे ते विचारावं लागत नाही. पुढच्या पानांवर रोजच्या नोंदी: तारीख, नाव, कोणत्या महिन्याचा हप्ता, किती, रोख की फोनवर. "कोणत्या महिन्याचा" हा रकाना नसेल तर बाकीचं सारं लिहूनही आमच्यासारखाच घोळ होईल. पैसे आले की ते सगळ्यात जुन्या थकलेल्या महिन्यात जातात, हे पहिल्याच पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

कोणी दुसरीसाठी पैसे टाकले तर तो तिचा हप्ता नाही. नोंद अशी व्हायला हवी होती: जुलै, हप्ते अकरा, 22,000, काकूंकडून उसने 2,000, एकूण 24,000, दिले 24,000. वहिनींचं घर रिकामं. ते रिकामं दिसलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं.

हो, आणि जिचा नंबर आहे तिचा हप्ता कापून दिला तरी वहीत दोन्ही ओळी लिहायच्या: तिच्याकडून 2,000 आले, तिला 24,000 दिले. नुसते "22,000 दिले" लिहिलं तर वर्षाअखेर तिची ओळ जुळत नाही. प्रत्येकीची आडवी बेरीज 24,000 च यायला हवी. घेणारीची सही त्याच दिवशी घेते. कोणी नंबर अदलाबदल केला तर दोघींच्या सह्या. लवकर घेतलेल्यांवर जरा जास्त लक्ष ठेवावं लागतं, हे बोलायला वाईट वाटतं, पण दुसऱ्या महिन्यात भिशी घेतलेलीकडून अजून 20,000 यायचे असतात. शेवटच्या नंबरवालीचं तसं नाही, तिचे स्वतःचेच पैसे भिशीत अडकलेले असतात.

5 तारखेला रात्री तीन आकडे लिहिते: उसन्यासकट आजवर आले किती, दिले किती (परत केलेले उसने धरून), हातात किती. पहिल्यातून दुसरा वजा केला की तिसरा यायलाच हवा, आणि तो मोजून बघते, आठवून नाही. पानाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकते. कोणी बघत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही. ऑक्टोबरमध्ये एकीने फोटो बघूनच आपली तारीख चुकल्याचं सांगितलं.

वहिनींनी घट बसायच्या आत काकूंना 2000 दिले. मी वहीत लिहिलं: "सप्टेंबरचा हप्ता, रोख, काकूंचे उसने फिटले," आणि दोघींच्या सह्या घेतल्या. काकूंनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. मग ऑक्टोबरचे 2000 फोनपेवर आले, आणि वहिनींनी टिपेत लिहिलं होतं: ऑक्टोबरचेच आहेत ताई.