आमची वाटचाल : भिरंडेलाच्या गोळ्यापासून ओठांच्या तीन डब्यांपर्यंत

आमच्याकडे कुडाळ भागात एप्रिल-मेमध्ये रातांबे उतरले की सालींची आमसुलं होतात आणि बिया अंगणात वाळत पडतात. माझ्या सासूबाई त्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून वर तरंगणारं तेल काढायच्या. ते थिजायला लागलं की मुठीत दाबून अंड्याएवढे पांढरट गोळे वळायच्या. हेच भिरंडेल, म्हणजे कोकमतेल. थंडीत टाचा फुटल्या, ओठ फुटले की गोळ्याचा कोपरा निखाऱ्याजवळ धरायचा आणि बोटाला लागेल तेवढं लावायचं. आमच्या उद्योगाचं मूळ या गोळ्यात आहे.

पुण्याच्या नणंदेच्या मैत्रिणी तो गोळा मागायला लागल्या, पण पर्समध्ये गोळा कोण ठेवणार? भिरंडेल साधारण 38 ते 40 अंशांना वितळतं, म्हणून गार हवेत ते बोटाला लागतच नाही. मग मी त्यात मेण आणि तेलं मिसळून डबीतला बाम करायला घेतला. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत आम्ही एकही डबी विकली नाही, फक्त घरात आणि नात्यात वापरून पाहिली. त्या काळात जे शिकलो ते आजही उपयोगी पडतं.

पहिला त्रास रव्याचा झाला. डबी पंधरा दिवस छान राहायची आणि मग बामात रव्यासारखे कण लागायचे. माल खराब झाला असं वाटून मी दोन घाणे टाकून दिले. कारण वेगळंच होतं. बाम हळूहळू गार झाला की भिरंडेलातला घट्ट भाग आधी थिजतो आणि त्याचे वेगळे दाणे बनतात. आता शंभर ग्रॅमला 20 ग्रॅम मधमाशीचं मेण, 15 ग्रॅम भिरंडेल, 35 ग्रॅम खोबरेल आणि 30 ग्रॅम एरंडेल घेतो. सगळं पाण्यावरच्या भांड्यात 75 अंशांपर्यंत पूर्ण वितळवतो, डब्यांत ओतलं की लगेच पंख्याखाली गार जागी ठेवतो. उन्हाळ्यात गाडीत विसरलेली डबी पुन्हा रवाळ झाली तर ग्राहकाला सांगतो, ताई, टाकू नका, गरम पाण्याच्या वाटीत डबी ठेवून पूर्ण वितळवा आणि थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा.

दुसरी चूक जास्त लागली. बाम लावल्यावर गारवा वाटावा म्हणून एका घाण्यात पुदिन्याचं तेल घातलं. सगळ्यांना आवडलं. महिन्याभरात नात्यातल्याच एका मुलीचे ओठ चुरचुरायला लागले आणि कडेनं काळसर रेघ उठली. तो घाणा आम्ही परत मागवला. ओठांची कातडी फार पातळ असते, तिच्यावर गालासारखा तेलकट थर नसतो. पुदिना, दालचिनी, अत्तर अशा गोष्टींनी कोणाकोणाच्या ओठांना हळूहळू दाह होतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर दाह गेला तरी काळा डाग मागे राहतो. तेव्हापासून आमच्या बामाला वास नाही. पहिल्यांदा उघडणाऱ्याला थोडं मेण आणि थोडं कोकम, एवढाच वास येतो.

स्क्रब मला काढायचाच नव्हता. ग्राहक मागत राहिले, आणि आम्ही दिला नाही की घरी जाड साखर आणि लिंबू घासतात हे कळत गेलं. लिंबाच्या रसानं आधीच चिरलेला ओठ झोंबतो आणि तसंच उन्हात गेलं तर काळेपणा वाढतो. म्हणून शेवटी केला, पण पिठीसाखरेचा. दोन भाग पिठीसाखर आणि एक भाग तेल, बस. मसूरडाळीएवढा घ्यायचा, ओल्या ओठांवर बोटानं 20 ते 30 सेकंद अलगद फिरवायचा आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या मलमलीनं टिपायचा. त्यावर लगेच बाम. आठवड्यातून एकदा पुरे. ओठ चिरलेला असेल, रक्त येत असेल, ज्वराचे फोड असतील किंवा तोंडाचा कोपरा फाटला असेल तर अजिबात नाही. कोपरा वारंवार फाटत असेल तर त्यामागे बुरशी किंवा रक्तातली कमतरताही असू शकते, ते बामानं भरून येत नाही.

एका शिक्षिका ताईंचं उदाहरण मी नेहमी सांगते. खालचा ओठ काळवंडलेला, सालपटं निघालेली. दिवसभर बोलून तोंड कोरडं पडलं की त्या जीभ फिरवायच्या आणि रात्री लिंबू-साखर घासायच्या. थुंकी सुकताना ओठातला ओलावाही घेऊन जाते, त्यामुळे चाटावं तितकं सुकतं. त्यांना स्क्रब विकला नाही. दोन आठवडे घासणं बंद, झणझणीत पुदिन्याची टूथपेस्ट बदला आणि चाटावंसं वाटलं की त्याच क्षणी बाम लावा, असं सांगितलं. पाण्याची बाटली उघडली की बाम, असा नियम त्यांनी स्वतः लावून घेतला. दहा-बारा दिवसांत सालपटं गेली. मग दहा दिवसांतून एकदा स्क्रब. तीन महिन्यांनी कडेचा काळा पट्टा फिका झाला, मधला तपकिरी रंग मात्र तसाच राहिला. तो त्यांचा जन्माचा रंग होता आणि तो घालवायचं काही आम्ही विकत नाही. डबीवर 'ओठ गुलाबी करा' असं लिहायला आमचा ठाम नकार असतो.

असमान रंग झाकायला टिंट आहे. लोकांना बीट हवं असतं. आम्हीही बिटाची पूड घालून पाहिली. बिटाचा रंग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही, त्यामुळे पूड तळाशी बसायची आणि ओठांवर ठिपके दिसायचे. रतनजोत खोबरेलात मंद गरम केलं तर सुंदर लाल उतरतं, पण दर वेळी छटा वेगळी. शेवटी सौंदर्यप्रसाधनासाठी मंजूर असलेल्या आयर्न ऑक्साइडवर आलो. एक भाग रंग दोन भाग एरंडेलात खलबत्त्यात घोटायचा, थेंब दोन काचांमध्ये दाबून उजेडात धरायचा, कण दिसला तर पुन्हा घोटायचा. शंभर ग्रॅम बामात तीन-चार ग्रॅम रंग. पहिली फिकी गुलाबी छटा आपल्या ओठांवर राखाडी दिसली, कारण तिच्यात पांढरा रंग जास्त होता. आता विटकरी आणि कोकमी अशा दोनच छटा आहेत. आधी गडद भाग सोडून फिक्या भागावर टिंट, मग सगळीकडे एक पातळ हात, की दोन रंगांतला फरक मिटतो.

आमच्या बामात ऊन अडवणारं काही नाही, हे सांगून ठेवते. शेतावर, बाजारात उभ्या असणाऱ्यांनी टोपी घालावी किंवा एसपीएफचा बाम वेगळा घ्यावा, कारण खालच्या ओठावर ऊन थेट पडतं. खालच्या ओठावरचा खरखरीत चट्टा महिनाभर जात नसेल, डाग वाढत असेल, किंवा मिश्री-तंबाखू लावणाऱ्या काकूंच्या तोंडात पांढरा डाग दिसत असेल, तर आम्ही डबी देत नाही, आधी डॉक्टरांकडे पाठवतो. गेल्या मोसमात अशा एक काकू तपासून परत आल्या आणि मगच त्यांनी बाम नेला. मिश्रीही सोडली आहे, असं त्यांच्या सुनेनं सांगितलं.