आठ मार्कांचा डीएफएस आणि हरवलेली फॉरवर्ड एज

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हातात आली तेव्हा आठ मार्कांच्या प्रश्नापुढे तीन लिहिलेले होते आणि शेजारी लाल शाईत एकच शब्द: "फॉरवर्ड?" त्या प्रश्नचिन्हाचा राग अजून उतरलेला नाही.

प्रश्न छोटासा होता. चार नोड, सहा एज. A पासून B, C आणि D कडे, B पासून C कडे, D पासून C कडे, आणि C पासून परत A कडे. A पासून डीएफएस करा, प्रत्येक नोडची शिरण्याची आणि संपण्याची वेळ लिहा, एजचे प्रकार सांगा. A च्या तीन शेजाऱ्यांपैकी आधी कुणाकडे जायचं, याबद्दल मात्र अवाक्षर नाही.

आकृतीत A च्या बरोबर खाली C होता, म्हणून मी आधी C कडे गेलो. A मध्ये १ ला शिरलो, C मध्ये २ ला. C मधून एकच वाट, ती A कडे, आणि A अजून संपलेला नाही, म्हणून C→A बॅक. C ३ ला संपला. मग B ४ ते ५, D ६ ते ७, आणि A ८ ला संपला. A मधून निघालेल्या तिन्ही एज ट्री. B→C आणि D→C क्रॉस. संपलं! फॉरवर्ड एज या फेरीत नाहीच, मग दाखवू कुठून?

तपासणाऱ्यांकडच्या उत्तरात क्रम अक्षरांप्रमाणे होता. A १/८, B २/५, C ३/४, D ६/७. इथे C मध्ये B मधून शिरलो, म्हणून B→C ट्री झाली. A परत येऊन C कडे बघतो तेव्हा C आधीच संपलेला असतो, पण त्याचा ३ ते ४ हा काळ A च्या १ ते ८ च्या पोटात आहे. म्हणजे C हा A चा वंशजच, फक्त तिथे आपण दुसऱ्या वाटेने पोहोचलो होतो. म्हणून A→C फॉरवर्ड. त्यांचंही बरोबर, माझंही बरोबर. एजचा प्रकार ग्राफ ठरवत नाही, ती फेरी ठरवते, हे प्रश्न काढणाऱ्याने लक्षात घ्यायला नको?

खरं सांगायचं तर D→C वर मीही आधी बराच वेळ अडकलो होतो. क्रॉस म्हणजे एका झाडातून दुसऱ्या झाडात जाणारी एज, असं मी पाठ केलं होतं, आणि इथे तर झाड एकच. मग वेळा समोर ठेवल्या. C ४ ला संपला, D ६ ला सुरू झाला. दोन्ही काळ एकमेकांना शिवतच नाहीत, म्हणजे कुणीच कुणाचा पूर्वज नाही. तेवढं क्रॉसला पुरतं, झाड एक असो वा दोन. संपलेल्या नोडकडे जाणारी एज दिसली की मी आता फक्त शिरण्याच्या वेळा बघतो: जिथून निघालो तो आधीचा असेल तर फॉरवर्ड, नंतरचा असेल तर क्रॉस.

पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला मी दोन्ही फेऱ्यांचे तक्ते शेजारी शेजारी काढून जोडले. खिडकीवरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि "हे लागत नाही हो" म्हणून परत दिले. मी पुन्हा जोडले. पुढे साडेपाच आठवडे काही नाही.

त्या काळात प्रॅक्टिकलचा जुना प्रोग्राम उघडला, तर त्यात याच गोंधळाचं दुसरं रूप. C→A काढून टाकली की ग्राफमध्ये चक्र उरत नाही. तरी माझा प्रोग्राम "चक्र आहे" म्हणायचा, तेही A→C वरच. कारण ही ओळ:

```
if (visited[v]) cycle = true;
```

भेट देऊन झालेला नोड आणि अजून चालू असलेला नोड यांत ती फरकच करत नाही. चक्र फक्त बॅक एजने सिद्ध होतं, आणि बॅक म्हणजे समोरचा नोड सुरू झालाय पण संपलेला नाही. वेळा १ पासून मोजल्या आणि सुरुवातीला सगळीकडे ० ठेवलं, तर असं लिहायचं:

```
if (d[v] && !f[v]) cycle = true;
```

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: पेपरात पहिल्याच ओळीत "शेजारी अमुक क्रमाने घेतले" असं लिहून टाका. मी नव्हतं लिहिलं. दुसरं म्हणजे, बॅक एजची संख्याही क्रमाने बदलते. आमचाच ग्राफ C पासून सुरू केला तर C→A ट्री होते आणि A, B, D मधून C कडे येणाऱ्या तिन्ही बॅक. पण चक्र असेल तर निदान एक बॅक एज निघतेच, फेरी कुठूनही मारा.

निकाल आला. तीनचे सात झाले. आठवा मार्क कशाचा कापला, ते कुणी लिहिलेलं नाही.