खाडीचा पिरॅमिड, अपडेट 3: फ्लेमिंगो वरून खाली आणला

मागच्या वेळी सांगितलं होतं की ठाणे खाडीतले माझेच फोटो वापरून अन्न पिरॅमिड करतोय, ऐरोलीच्या बाजूने ओहोटीला काढलेले. चार थर होते, तळाला चिखलावरचा तपकिरी चिकट थर (हा डायटम आणि बारीक शेवाळाचा, ऊन पडलं की चमकतो), त्यावर चिखलात सरपटणाऱ्या बारीक गोगलगायी, त्यावर त्या टिपणारी तुतारी नावाची छोटी पाणपाखरं, आणि सगळ्यात वर फ्लेमिंगो, कारण तो माझा सगळ्यात झकास फोटो. भाची आली, बघितलं आणि म्हणाली, "मामा, फ्लेमिंगो तुतारी खातो का?" झालं, तीन आठवडे भिंतीवर लावलेलं होतं ते.

आपल्याकडे मोठ्या संख्येने दिसतो तो लहान फ्लेमिंगो, तो चोच उलटी धरून पाणी-चिखल गाळतो आणि मुख्यतः बारीक शेवाळ खातो, म्हणजे गोगलगायीच्याच पायरीवर. नुसत्या आकारावरून पायरी ठरत नाही. हजारोंचे थवे कसे पोसले जातात त्याचं एक कारणही हेच, तळाच्या अगदी लगत जेवायला बसलाय तो. आता तो दुसऱ्या थरात गोगलगायीच्या शेजारी, पण तिथली ऊर्जा दोघांत वाटून घ्यायची, प्रत्येकाला वेगळी नाही हां.

मग फोटो मापात कापायचं ठरवलं. दहा टक्क्यांचा नियम घेतला, म्हणजे प्रत्येक थरातली साधारण दहा टक्केच ऊर्जा वरच्या थरात पोचते, शेवाळात साठलेली ऊर्जा 10,000 युनिट, तर गोगलगायींच्या थरात 1,000 आणि तुतारीत 100. फोटोचं क्षेत्रफळ ऊर्जेइतकं ठेवायचं. तळाचा चौकोन 1 मीटर बाजूचा धरला तर पुढचा साधारण 32 सेंमी आणि तिसरा 10 सेंमी. पहिल्यांदा मी बाजूच दहापट कमी केली होती, 1 मीटर, 10 सेंमी, 1 सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ प्रत्येक पायरीला शंभरपट घसरलं. कुणी करत असेल तर सांभाळा, बाजू 3.16 ने भागायची.

आता उरलेले 9,000 कुठे गेले? हे लिहिताना मलाच नीट कळलं, आधी मी "उष्णता म्हणून वाया" एवढंच लिहून मोकळा झालो होतो. ते अर्धंच आहे. हिशोबासाठी असं धरा, 10,000 पैकी गोगलगायींच्या तोंडात जातात 5,000, बाकीचं शेवाळ भरतीबरोबर वाहून जातं किंवा चिखलात गाडलं जाऊन जिवाणूंना मिळतं, म्हणजे नष्ट नाही, फक्त आमच्या फोटोबाहेर. खाल्लेल्या 5,000 पैकी 1,000 विष्ठेतून बाहेर, तेही चिखलातल्या जिवाणूंचंच. पचले 4,000, आणि त्यातले 3,000 श्वसनात जगण्यासाठी खर्च होऊन शेवटी उष्णता होतात, हाच तेवढा कुणालाच परत न मिळणारा भाग. अंगावर मांस म्हणून राहिले 1,000. आकडे माझे, पण वाटे असे पडतात. तुतारीला हे 1,000 च खायला आहेत, गोगलगायींनी श्वसनात जाळलेलं तिच्या चोचीत येणार कुठून.

इथे गंमत झाली. तुतारीसाठीही तसंच मोजायला बसलो. 1,000 पैकी समजा 400 सापडले, कवच वगैरे जाऊन 300 पचले. पण पक्षी गरम रक्ताचा, अंगाचं तापमान राखायलाच एवढी ऊर्जा जाते की पचलेल्यापैकी साधारण 1 ते 3 टक्केच वाढीत आणि अंड्यांत उरतात, तर गोगलगायीसारख्या अपृष्ठवंशीयांत हे 25 टक्क्यांच्या आसपास असतं. 2 टक्के धरले तर 6 युनिट. नियमाने 100 यायला हवे होते! चौकोन 10 सेंमीचा नाही, अडीच सेंमीहूनही जरा छोटा, स्टँपएवढा. फ्लेमिंगोही पक्षीच, त्यामुळे तो खात असलेल्या शेवाळातून त्याच्या अंगात साठतं तेही दहा टक्क्यांच्या फार खाली असणार. म्हणून दहा टक्के हा सरासरीचा ढोबळ आकडा, प्रत्येक प्राण्याला लावायचा नाही. अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंग्जच्या झऱ्यावर ओडम या परिसंस्था-शास्त्रज्ञाने मोजलेल्या आकड्यांतही शाकाहारी थरापासून वर जाताना उडी प्रत्येक वेळी वेगळीच येते.

आता भिंतीवर दोन तुताऱ्या आहेत, 10 सेंमीची "नियमाने" आणि स्टँपएवढी "पक्षी आहे म्हणून". दुसरीत चोच दिसत नाही, त्यामुळे क्लोजअप हवाय, पुढच्या ओहोटीला जातोय. कुणाकडे तुतारीने गोगलगाय उचलतानाचा फोटो असेल तर सेटिंग सांगा, माझे सगळे मागून चालतानाचे आहेत.