जुन्या पेपरांची वही, आठवडा सातवा: विवेचक कुठल्या चरणात आहे?

गेल्या सहा रविवारी संमिश्र संख्यांचे सदतीस प्रश्न सोडवले. त्यातले अकरा चुकले. काल रात्री ते अकराही पुन्हा काढून बसलो आणि प्रत्येकाच्या शेजारी लाल पेनाने चुकीचं कारण लिहिलं. आकडेमोड चुकलेले दोनच निघाले. बाकी नऊ ठिकाणी चूक एकच होती: संख्या कुठल्या चरणात आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

माझ्याकडे दोन गठ्ठे आहेत. एक अकरावीच्या जुन्या सीबीएसई पेपरांचा, दुसरा महाराष्ट्र बोर्डाच्या अभ्यासक्रमावरचा. अकरावीची परीक्षा ज्याचं त्याचं कॉलेज घेतं, त्यामुळे दुसऱ्या गठ्ठ्यातला प्रत्येक पेपर वेगळ्या हातचा आहे आणि मला तेच आवडतं. जुनेच पेपर घेण्याचं कारणही सांगतो. २०२२ च्या काटछाटीत एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातून ध्रुवीय रूप आणि संमिश्र संख्येचं वर्गमूळ, दोन्ही गेलं. मला हवे असलेले प्रश्न त्याआधीच्या पेपरांतच भरभरून आहेत.

आधी सोपं उदाहरण. (1 + 7i)/(2 − i)² चं मॉड्युलस आणि आर्ग्युमेंट काढा, हा प्रश्न या ना त्या रूपात सारखा भेटतो. छेदाचा वर्ग 3 − 4i. अंश आणि छेद दोन्हींना 3 + 4i ने गुणलं की वर −25 + 25i, खाली 25, म्हणजे उत्तर −1 + i. मॉड्युलस √2. इथवर कुणी अडत नाही. पुढे मी तिसऱ्या आठवड्यात लिहिलं होतं: tan θ = −1, म्हणून θ = −π/4. पण −π/4 हा चौथ्या चरणातला कोन आहे आणि −1 + i तर दुसऱ्या चरणात बसलाय. 1 − i साठीही tan θ हा −1 च येतो. भागाकार केला की वरचं चिन्ह कुठलं आणि खालचं कुठलं ही माहितीच पुसली जाते, म्हणून एकटा tan चरण सांगू शकत नाही. बरोबर उत्तर 3π/4.

आता मी आधी छोटे अक्ष काढतो, ठिपका ठेवतो, चिन्हं विसरून लघुकोन काढतो (इथे π/4) आणि मग ठिपका पाहून तो π मधून वजा करायचा की π मध्ये मिळवायचा ते ठरवतो. मॉड्युलसचा ताळा वेगळा घेता येतो: वर √50, खाली 5, म्हणजे √2. मात्र हा ताळा आर्ग्युमेंटची चूक पकडत नाही. माझं मॉड्युलस प्रत्येक वेळी बरोबर होतं, म्हणून तर ती चूक इतके दिवस टिकली.

दोन गठ्ठे एकत्र सोडवताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. एनसीईआरटीत मुख्य आर्ग्युमेंट −π च्या पुढे ते π पर्यंत घेतात, आपल्या बोर्डाच्या पुस्तकात 0 ते 2π. म्हणजे −1 − i√3 चं आर्ग्युमेंट एका गठ्ठ्यात −2π/3 आणि दुसऱ्यात 4π/3. दोन्ही बरोबर. मी हल्ली पेपरच्या कोपऱ्यात कुठली पद्धत ते आधीच लिहून ठेवतो.

आता या आठवड्याची खरी कमाई. बोर्डाच्या गठ्ठ्यातला हा प्रश्न:

x² − (7 − i)x + (18 − i) = 0

सहगुणक वास्तव नाहीत, तेव्हा मुळे कॉन्जुगेट जोडीत येतील ही सवयीची अपेक्षा इथे सोडून द्यायची. ती फक्त वास्तव सहगुणकांपुरती खरी आहे. विवेचक काढला: (7 − i)² − 4(18 − i) = 48 − 14i − 72 + 4i = −24 − 10i.

याचं वर्गमूळ a + bi मानलं तर a² − b² = −24 आणि 2ab = −10. मॉड्युलस 26, म्हणून a² + b² = 26. त्यावरून a² = 1, b² = 25. इथे मी घाईत 1 + 5i लिहिलं आणि मुळे काढली 4 + 2i आणि 3 − 3i. ताळा म्हणून बेरीज केली: 7 − i. जुळली! खूण केली आणि पुढे गेलो.

उत्तर चूक होतं. सूत्रात वर्गमूळ एकदा मिळवलं जातं, एकदा वजा होतं, त्यामुळे बेरजेत ते नेहमीच उडून जातं. वर्गमूळ कितीही चुकलेलं असो, बेरीज जुळणारच. गुणाकार केला असता तर 18 − 6i आला असता आणि चूक तिथल्या तिथे दिसली असती. ab = −5 हे पाहायला हवं होतं: चिन्हं विरुद्ध, म्हणून वर्गमूळ ±(1 − 5i), आणि मुळे 4 − 3i व 3 + 2i. गुणाकार 12 + 8i − 9i + 6, म्हणजे 18 − i. आता ताळा खरा.

मग सुचलं की हेही चरण पाहूनच कळतं. वर्गमूळ घेतलं की आर्ग्युमेंट निम्मं होतं. −24 − 10i तिसऱ्या चरणात आहे, एनसीईआरटीच्या पद्धतीने त्याचा कोन साधारण −१५७ अंश. निम्मा −७९, म्हणजे चौथं चरण, म्हणजे 1 − 5i. बोर्डाच्या पद्धतीने तोच कोन २०३ अंश, निम्मा १०१, दुसरं चरण, म्हणजे −1 + 5i. एक पद्धत जोडीतलं एक वर्गमूळ हातात देते, दुसरी पद्धत दुसरं! आर्ग्युमेंटमध्ये ३६० अंशांचा फरक पडला की निम्म्यात १८० चा पडतो आणि १८० अंश फिरवणं म्हणजे उणे चिन्ह देणं. ± कुठून येतो ते मला इतकं स्पष्ट याआधी कधी दिसलं नव्हतं. चहा गार झाला तरी मी तोच ठिपका फिरवत बसलो होतो.

1 + 5i पहिल्या चरणात. तिसऱ्या चरणातल्या संख्येचं वर्गमूळ फक्त दुसऱ्या किंवा चौथ्या चरणातच असू शकतं. एवढं आधी पाहिलं असतं तर ते कागदावर उतरलंच नसतं.

नवी रीत लगेच x² − (3√2 + 2i)x + 6√2 i = 0 वर लावली. विवेचक 14 − 12√2 i, मॉड्युलस √(196 + 288) = 22, ठिपका चौथ्या चरणात, म्हणून वर्गमूळ 3√2 − 2i. मुळे 3√2 आणि 2i. लिहून झाल्यावर मूळ समीकरणाकडे पुन्हा पाहिलं, तर 3√2 + 2i ही बेरीज आणि 6√2 i हा गुणाकार पहिल्याच ओळीत लिहिलेला होता. पुढच्या रविवारपासून विवेचकाला हात लावण्याआधी एक मिनिट नुसतं समीकरण पाहायचं, अशी ओळ वहीच्या पहिल्या पानावर टाकली आहे.