रिकाम्या सॉकेटवर बायॉस : बी४५० टॉमाहॉक मॅक्स आणि रायझन ५ ५६००

या आठवड्यात भाच्याचा पीसी हातात घेतला. त्याने सीताबर्डीवरून जुना एमएसआय बी४५० टॉमाहॉक मॅक्स आणला आणि प्रोसेसर नवा घेतला, रायझन ५ ५६००. बोर्ड २०१९ चा, प्रोसेसर २०२२ चा, आणि बोर्डाचा बायॉस कोणीच अपडेट केलेला नव्हता. त्यामुळे पंखे फिरत, स्क्रीन काळी, आणि बोर्डावरच्या ईझी डीबगमधला सीपीयूचा दिवा लागलेला राही. या बायॉसला ५६०० ओळखताच येत नव्हता. एरवी अपडेटसाठी आधी ओळखीचा प्रोसेसर लावून बायॉसमध्ये शिरावं लागतं, आणि तो आमच्याकडे नव्हता. पण या बोर्डाला मागच्या बाजूला फ्लॅश बायॉस बटण आहे, म्हणून कोणाकडे जुना रायझन मागायची गरज पडली नाही.

बटण दाबलं की प्रोसेसर चालत नाही, रॅम चालत नाही. बोर्डावरची एक वेगळी छोटी चिप पेन ड्राइव्हवरची फाइल वाचते आणि थेट बायॉसच्या चिपवर लिहिते. म्हणून सॉकेट रिकामं असलं तरी चालतं. पॉवर सप्लायची २४ पिनची आणि सीपीयूची ८ पिनची केबल मात्र दोन्ही लावायच्या. या बोर्डाच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे रिकाम्या सॉकेटची फार भीती नाही. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये पिना सॉकेटात असतात, तिथे प्लास्टिकचं झाकण काढू नका.

भाच्याने आधी स्वतः करून पाहिलं होतं. म्हणाला, "मामा, दिवा लुकलुकला अन् बंद झाला. झालं असंल ना अपडेट?" झालं नव्हतं. सगळी गोम या दिव्यातच आहे. काम पूर्ण झालं तरी दिवा बंद होतो आणि फाइल सापडली नाही तरी बंद होऊ शकतो, म्हणून दिव्यापेक्षा घड्याळ पाहायचं. ३२ एमबीची चिप पुसून पुन्हा लिहायला काही मिनिटं लागतात. दिवा चार-पाच सेकंदांतच थांबला, तर त्या चिपने फाइल वाचलीच नाही असं समजा.

न वाचण्याचं कारण त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये सापडलं. ती १२८ जीबीची होती आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली. या चिपला फॅट३२ लागतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्याय सहसा दिसत नाही, म्हणून विंडोजच्याच diskpart या कमांडने छोटं पार्टिशन केलं:

```
list disk
select disk 2
clean
create partition primary size=8000
format fs=fat32 quick
assign
```

इथे 2 हा आमच्या पेन ड्राइव्हचा क्रमांक. तुमचा list disk मध्ये आकार पाहून ठरवा, कारण clean त्या डिस्कवरचं सगळं पुसतं.

आता फाइल. साधा टॉमाहॉक आणि टॉमाहॉक मॅक्स, दोघांचाही मॉडेल क्रमांक 7C02 च आहे, आणि दोघांच्याही फाइलचं नाव E7C02 ने सुरू होतं. पण साध्याची बायॉस चिप १६ एमबीची आणि मॅक्सची ३२ एमबीची. म्हणून फाइल मॅक्सच्याच सपोर्ट पानावरून उतरवली आणि झिप उघडल्यावर आकार ३२ एमबी आहे ना ते पाहिलं. मग तिचं नाव बदलून MSI.ROM केलं. आवृत्तीचा क्रमांक एक्स्टेन्शनमध्ये असतो, तोही काढायचा. फाइल ड्राइव्हच्या मुळाशीच ठेवायची, फोल्डरमध्ये नाही.

पेन ड्राइव्ह मागच्या फ्लॅश बायॉस लिहिलेल्या पोर्टात लावली, सप्लायचा मागचा स्विच चालू केला, कॅबिनेटचं पॉवर बटण दाबलं नाही, आणि फ्लॅश बटण दाबलं. या वेळी दिवा मिनिटांमागून मिनिटं लुकलुकत राहिला आणि मग थांबला. उन्हाळ्यात नागपुरात लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून सप्लाय यूपीएसवर ठेवला होता. मधेच वीज गेली, तरी हे बटण जुन्या बायॉसवर अवलंबून नसल्याने बहुतेक वेळा पुन्हा फ्लॅश करून बोर्ड परत आणता येतो.

मग ५६००, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड लावलं. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय फ्लॅश यशस्वी झालं तरी स्क्रीन काळीच राहते. पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी चालते, म्हणून घाईने बंद केलं नाही. सीपीयूचा दिवा विझला, स्क्रीन आली, बायॉसमध्ये प्रोसेसरचं नाव बरोबर दिसलं.

अपडेटने सेटिंग मूळपदावर येतात, तेव्हा रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं ए-एक्सएमपी प्रोफाइल बंद आहे आणि रॅम तिच्या मूळ वेगावर चालते आहे. आता ते प्रोफाइल चालू करून मेमटेस्ट लावणार, मगच विंडोज टाकायला घेऊ.